बेकरीच्या नेहमीच्या ग्राहकांना ॲम्बेसेडर कसे करावे : पहिल्या तीन महिन्यांची आखणी

साताऱ्यातील आमची बेकरी मध्यम आकाराची आहे. सकाळी लादीपाव, दुपारनंतर खारी, टोस्ट आणि नानकटाई, आणि मागणी असेल तसे केक, असा तिचा रोजचा क्रम आहे. नेहमीच्या ग्राहकांनी आपल्या ओळखीच्या लोकांना आमच्या मालाबद्दल समाजमाध्यमांवर सांगावे आणि त्याबद्दल आम्ही त्यांना लहानशी भेट द्यावी, अशी योजना आम्ही तीन महिने चालवली. या पद्धतीला सर्वत्र ॲम्बेसेडर प्रोग्रॅम म्हणतात. आम्ही मात्र आमच्या सभासदांना ‘बेकरीचे स्नेही’ म्हणत होतो आणि पुढेही हाच शब्द वापरणार आहे. ज्यांची एकच शाखा आहे आणि ज्यांच्याकडे जाहिरातीसाठी वेगळा माणूस नाही, अशा बेकरीवाल्यांसाठी हा लेख आहे.

पहिली पायरी : माणसे निवडणे

बहुतेक जण येथेच चुकतात, कारण ते फॉलोअर्सची संख्या पाहून माणूस निवडतात. कास पठारावर फुले असतात त्या दिवसांत तीस-चाळीस हजार फॉलोअर्स असलेली तरुण मंडळी साताऱ्यातून जातात, आणि त्यांच्यापैकी कोणी दुकानात येऊन छायाचित्रे काढली की आपल्यालाही बरे वाटते. परंतु त्यांचे फॉलोअर्स पुण्या-मुंबईत राहतात आणि पाव किलो खारीसाठी कोणीही साताऱ्याला येत नाही. पाव, खारी आणि टोस्ट हा माल ज्या परिघातून माणूस चालत किंवा दुचाकीवर येऊ शकतो त्याच परिघात विकला जातो, म्हणून स्नेहीही त्याच परिघातला हवा आणि त्याच्या ओळखीची माणसेही बहुतांशी तिथलीच हवीत.

आम्ही दोन आठवडे गल्ल्याशेजारी एक वही ठेवली आणि आठवड्यातून किमान एकदा येणाऱ्या, मालाबद्दल आपणहून काहीतरी बोलणाऱ्या ग्राहकांची नावे तिच्यात लिहीत गेलो. ‘आज खारीला पदर चांगले सुटलेत’ किंवा ‘परवाचा टोस्ट थोडा जास्त भाजला होता’ असे म्हणणारा ग्राहक या कामासाठी सर्वांत योग्य असतो, कारण तो खाताना लक्ष देतो आणि त्याच्या शब्दाला त्याच्या घरी व शेजारी किंमत असते. वहीत ३४ नावे झाली. त्यांतून आम्ही १२ जण निवडले : एक प्राथमिक शिक्षिका, दोन गृहनिर्माण सोसायट्यांच्या समित्यांवरील सभासद, एक औषध दुकानदार, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी दोघे, काही गृहिणी आणि दोन महाविद्यालयीन विद्यार्थी. अठरा वर्षांखालील कोणालाही घेतले नाही, तसेच कामगारांचे व आमचे स्वतःचे नातेवाईकही टाळले. बारापेक्षा अधिक माणसे पहिल्या खेपेस घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण प्रत्येकाशी आठवड्यातून एकदा तरी बोलणे व्हावे लागते आणि ते काम शेवटी मालकालाच करावे लागते.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. आपल्याकडील लहान शहरांत इन्स्टाग्रामपेक्षा व्हॉट्सॲपचे स्टेटस अधिक माणसे रोज उघडतात, आणि ती माणसे स्टेटस लावणाऱ्याला प्रत्यक्ष ओळखत असतात. त्यामुळे ज्यांचे इन्स्टाग्राम खातेच नाही अशांना वगळण्याचे कारण नाही. ज्यांचे खाते आहे पण खाजगी आहे, त्यांची पोस्ट फक्त त्यांच्या फॉलोअर्सना दिसेल एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

दुसरी पायरी : भेट ठरवणे आणि हिशेब आधी मांडणे

भेट आपल्याच भट्टीतली असावी. रोख रक्कम दिली की ग्राहक स्वतःला कामावर ठेवलेला माणूस समजू लागतो आणि पुढच्या महिन्यात रकमेवरून बोलणे सुरू होते; शिवाय रोख शंभर रुपये दिले तर आपल्याला पूर्ण शंभरच खर्च येतात. पाव किलो तुपाच्या नानकटाईचे पाकीट आम्ही ११० रुपयांना विकतो आणि कच्चा माल, इंधन व पॅकिंग मिळून त्याला ६० रुपये लागतात. म्हणजे घेणाऱ्याच्या हातात ११० रुपयांची वस्तू पडते आणि आपला खर्च ६० रुपये होतो. कामगारांचा पगार यात धरलेला नाही, कारण दिवसाला दोन-तीन पाकिटे जास्त निघाल्याने तो वाढत नाही.

नियम साधा ठेवला. एका स्नेह्याने महिन्यात जास्तीत जास्त दोन पोस्ट कराव्यात आणि प्रत्येक पोस्टमागे एक पाकीट घ्यावे. बारा जण, तीन महिने, महिन्याला दोन पोस्ट, म्हणजे जास्तीत जास्त ७२ पाकिटे आणि ४,३२० रुपये खर्च. वरची मर्यादा अशी आधीच ठरलेली असावी; ‘जितक्या पोस्ट तितकी पाकिटे’ असे ठेवले तर उत्साही माणूस रोज पोस्ट करतो, त्याची ओळखीची मंडळी कंटाळतात आणि खर्चही हाताबाहेर जातो.

आता हे पैसे परत कसे येतील ते पाहू. आमच्याकडे नव्या ग्राहकाचे पहिले बिल सरासरी १८० रुपयांचे असते आणि त्यातून माल, इंधन व पॅकिंगचे १०० रुपये वजा केले की ८० रुपये उरतात. स्नेह्याच्या सांगण्यावरून येणाऱ्या नव्या ग्राहकाला आम्ही दोन नानकटाया चवीसाठी देतो. पाव किलोत साधारण पंधरा नानकटाया बसतात, म्हणून एकीचा खर्च ४ रुपये आणि दोघींचा ८ रुपये. म्हणजे पहिल्या बिलामागे ७२ रुपये उरतात, आणि ४,३२० रुपये भरून निघण्यासाठी तीन महिन्यांत अशी ६० बिले व्हावी लागतात. हा आकडा आपल्या बेकरीच्या दराने काढावा आणि तो अशक्य वाटला तर स्नेही कमी करावेत किंवा भेट लहान करावी. खर्च कमी दिसावा म्हणून आदल्या दिवसाचा किंवा मोडका माल भेट देण्याचा मोह होतो, पण तसे कधीही करू नये. भेटीचे पाकीट त्याच दिवशीच्या घाण्यातले असावे, कारण पुढच्या पोस्टमधले छायाचित्र बहुधा त्याच पाकिटाचे असते.

तिसरी पायरी : खुणेचा शब्द

कोण कोणाच्या सांगण्यावरून आले हे कळले नाही तर सगळा हिशेब अंदाजावर राहतो. प्रत्येक स्नेह्याला एक खुणेचा शब्द द्यावा आणि नव्या ग्राहकाने तो गल्ल्यावर सांगावा. आम्ही सुरुवातीला बेकरीतल्याच पदार्थांची नावे दिली होती आणि ती चूक ठरली : ग्राहक ‘खारी’ म्हणाला की तो खूण सांगतो आहे की खारी मागतो आहे, हे गर्दीत कळेना. पहिल्याच आठवड्यात आम्ही शब्द बदलून फुलांची नावे दिली. ‘मोगरा’, ‘शेवंती’, ‘जाई’ हे शब्द बोलायला सोपे आहेत, लक्षात राहतात आणि काउंटरवर दुसऱ्या कशाशी त्यांची गल्लत होत नाही. इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून केलेले कोड वयस्कर ग्राहक विसरतात, म्हणून ते टाळावेत.

शब्द सांगणाऱ्या नव्या ग्राहकाला पाच खणांचे एक कार्ड द्यावे आणि त्यावर त्या फुलाचे नाव लिहावे. तो पुन्हा आला की एका खणात शिक्का मारायचा आणि वहीत त्या फुलासमोर एक रेघ ओढायची. कार्डामुळे माणूस दुसऱ्यांदा आला का, हे कळते, आणि बेकरीच्या धंद्यात पहिल्या बिलापेक्षा दुसरे बिल अधिक महत्त्वाचे असते. काउंटरवरच्या मुलांना हे दोन-तीन वेळा करून दाखवावे लागते. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत शिक्का विसरला जातो, म्हणून त्या वेळी वही कोणाकडे राहील ते नावानिशी ठरवावे.

चौथी पायरी : निमंत्रण

निमंत्रण समोरासमोर द्यावे आणि त्यानंतर लेखी मजकूर पाठवावा. काउंटरवर गर्दी नसताना मी एकेकाशी बोललो. शिक्षिका असलेल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘म्हणजे मी तुमची जाहिरात करायची का? आणि एखादा पदार्थ आवडला नाही तर?’’ मी म्हणालो, ‘‘बाई, जाहिरातच आहे आणि तसे पोस्टमध्ये लिहायचे आहे. आवडले नाही तर तेही लिहा, पाकीट तरीही मिळेल.’’ हे उत्तर सर्वांना आधीच द्यायला हवे, असे तेव्हा लक्षात आले आणि मजकुरात ते घातले. तो मजकूर असा होता :

‘‘सप्रेम नमस्कार. आपण आमच्या बेकरीचे जुने ग्राहक आहात. पुढील तीन महिने आपण महिन्यातून एकदा किंवा दोनदा, आपल्या सोयीने, आमच्या एखाद्या पदार्थाबद्दल व्हॉट्सॲप स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर लिहावे, अशी विनंती आहे. प्रत्येक पोस्टबद्दल पाव किलो नानकटाई आपल्याला देऊ. आपण स्वतः खाल्लेल्या पदार्थाबद्दलच लिहावे आणि जसे वाटले तसे लिहावे. कौतुक केलेच पाहिजे असे नाही. पोस्टच्या सुरुवातीला ‘जाहिरात’ हा शब्द आणि भेट मिळाल्याचा उल्लेख असावा. आपल्याला हे नको वाटल्यास किंवा मध्येच थांबावेसे वाटल्यास निःसंकोचपणे सांगावे. आपल्या-आमच्या नात्यात त्याने काही फरक पडणार नाही.’’

चौदा जणांना विचारले तेव्हा दोघांनी नकार दिला आणि बारा जण तयार झाले. नकार देणाऱ्यांना पुन्हा विचारू नये.

पाचवी पायरी : ‘जाहिरात’ हा शब्द आणि दाव्यांची मर्यादा

हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यात देवाणघेवाणीचा काही संबंध असेल आणि तो वाचणाऱ्याला ठाऊक असण्याची शक्यता नसेल, तर तो संबंध उघड केला पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत सूचना प्रसिद्ध केल्या : उल्लेख ठळक असावा, पोस्टच्याच भाषेत असावा, हॅशटॅगांच्या गर्दीत दडवलेला नसावा. पाव किलो नानकटाई ही लहान गोष्ट असली तरी ती पोस्टच्या बदल्यात दिलेली असते, म्हणून आम्ही प्रत्येक पोस्टला हाच नियम लावला. मराठी पोस्टसाठी आम्ही एक वाक्य ठरवून दिले : ‘जाहिरात : या पोस्टबद्दल मला बेकरीकडून नानकटाई भेट मिळाली आहे.’ स्टेटसवर छायाचित्र असेल तर हे वाक्य छायाचित्रावरच लिहावे, म्हणजे ते वाचल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. या वाक्यामुळे लोक येणार नाहीत अशी भीती मलाही होती. प्रत्यक्षात ओळखीच्या माणसाने भेट मिळाल्याचे मोकळेपणाने सांगितले, याचे कोणालाही वावगे वाटले नाही.

दुसरी मर्यादा पदार्थाच्या गुणांविषयीची आहे, आणि येथे प्रेमळ ग्राहकच जास्त चुका करतात. आमच्या एका काकूंनी ज्वारीच्या नानकटाईबद्दल ‘मधुमेह असणाऱ्यांनाही चालते’ असे लिहिले होते. त्यात साखर होती. त्यांचा हेतू चांगला होता, तरीही अशी पोस्ट आजारी माणसाचे नुकसान करू शकते, आणि पोस्टमागे आपली भेट असल्याने तिची जबाबदारी आपल्यावरही येते. मी त्यांना फोन करून कारण सांगितले आणि त्यांनी तासाभरात स्टेटस काढले. खाद्यपदार्थाला ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि रोग बरा होतो किंवा टळतो असा दावा तर करताच येत नाही. म्हणून आम्ही स्नेह्यांना पदार्थांची एक यादी दिली आणि प्रत्येकापुढे एवढेच लिहिले : तुपातला की वनस्पतीतला, अंडे आहे की नाही, मैदा की अन्य पीठ. आमची रोजची स्वस्त नानकटाई वनस्पती तुपातली असते आणि डब्यातली साजूक तुपातली. दिसायला दोन्ही सारख्या. यादी नसती तर स्वस्त नानकटाईलाही कोणीतरी ‘शुद्ध तुपातली’ म्हटले असते. एकाच भट्टीत आणि त्याच ट्रेमध्ये अंड्याचे केकही होत असतील, तर बिनअंड्याच्या केकबद्दल बोलताना तेही लपवू नये.

गुगल मॅप्सवरील अभिप्राय या योजनेत अजिबात आणू नयेत. अभिप्रायाच्या बदल्यात भेट किंवा सवलत देण्यास गुगलच्या नियमांनी मनाई केली आहे आणि असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. एखादा स्नेही आपणहून विचारू लागला तर त्याला भेट मिळणार नाही, असे स्पष्ट सांगावे.

सहावी पायरी : पोस्ट आणि भट्टी यांची वेळ जुळवणे

दुसऱ्या आठवड्यात एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजता दोन स्नेह्यांनी एकाच वेळी गरम खारीचे छायाचित्र लावले. सात वाजेपर्यंत खारी संपली, आणि त्यानंतर खास पोवई नाक्यापलीकडून आलेली सहा-सात माणसे रिकाम्या हाताने परत गेली. नवा ग्राहक एकदा असा परतला की तो सहसा दुसऱ्यांदा येत नाही. भट्टीवर कोणालाच पोस्टची कल्पना नव्हती आणि ती देण्याचे काम माझेच होते.

त्यानंतर आम्ही असे ठरवले. स्नेह्याने पोस्ट करण्याच्या आदल्या दिवशी मला एक निरोप पाठवायचा, मी एका दिवशी दोनपेक्षा जास्त पोस्ट होऊ देत नाही, आणि त्या दिवशी त्या पदार्थाचा तीन किलोंचा एक घाणा जास्त लावायला सांगतो. पोस्ट दुपारी तीनच्या सुमारास जावी, कारण आमची खारी चार वाजता निघते आणि लोक कामावरून परतताना ती घेऊ शकतात. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तास दिसते, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत माल पुरेल इतकी तयारी ठेवावी. काउंटरवर ‘संपले’ असे जितक्यांदा सांगावे लागते तितक्या रेघा वहीत ओढाव्यात. दिवसाला पाचहून अधिक रेघा दिसू लागल्या तर घाणा अपुरा आहे असे समजावे. जादा घाणा दोनदा उरला तर मात्र तो अर्ध्यावर आणावा.

छायाचित्राबाबत फार सूचना देऊ नयेत. घरच्या ताटलीतली, चहाच्या कपाशेजारची खारी ही दुकानातल्या काचेमागच्या खारीपेक्षा लोकांना जवळची वाटते. ते छायाचित्र बेकरीच्या खात्यावर किंवा दुकानातल्या फलकावर वापरायचे असेल तर दर वेळी वेगळी परवानगी घ्यावी, आणि त्यात लहान मूल असेल तर ते वापरूच नये.

तक्रार आली तर

स्नेह्याच्या शब्दावर आलेल्या माणसाला पाव शिळा लागला तर तो आपल्याकडे येत नाही, तो स्नेह्याला बोलतो. त्या क्षणी स्नेह्याची अडचण होते, आणि ती आपण निर्माण केलेली असते. म्हणून बाराही जणांना मी माझा स्वतःचा नंबर दिला आणि अशी तक्रार त्याच दिवशी मिटवण्याचे वचन दिले. तीन महिन्यांत चार तक्रारी आल्या. चारही घरी मी स्वतः ताजा माल घेऊन गेलो. चारपैकी तिघांची कार्डे पुढेही भरत राहिली.

तीन महिन्यांनी वही उघडताना

बारा जणांनी मिळून ७२ ऐवजी ५८ पोस्ट केल्या, म्हणून पाकिटांचा खर्च ३,४८० रुपये झाला. खुणेचा शब्द सांगून ४१ नवे ग्राहक आले, त्यांच्या पहिल्या बिलांतून २,९५२ रुपये उरले. त्याच ग्राहकांची नंतरची ३७ बिले कार्डांवर नोंदली गेली आणि त्यांतून, प्रत्येकी ८० रुपये धरून, २,९६० रुपये आले. एकूण ५,९१२ रुपयांतून खर्च वजा जाता २,४३२ रुपये राहिले. तीन महिन्यांच्या कष्टांच्या मानाने ही रक्कम लहान आहे आणि पहिल्या खेपेस यापेक्षा मोठ्या आकड्याची अपेक्षा धरू नये. केवळ पहिल्या बिलांवर थांबलो असतो तर योजना तोट्यातच दिसली असती. कार्डांमुळे खरे चित्र कळले.

फुलांप्रमाणे पाहिले तर ४१ पैकी १९ ग्राहक ‘मोगरा’ आणि ‘शेवंती’ या दोन शब्दांवर आले होते. हे दोघेही सोसायट्यांच्या समित्यांवरचे, आणि दोघांचेही इन्स्टाग्रामवर खाते नाही. चार स्नेह्यांच्या शब्दावर एकही माणूस आला नाही. त्यांना दोष देऊ नये; त्यांची ओळखीची माणसे बहुधा आधीपासूनच आमची ग्राहक होती. तिसऱ्या महिन्यात आणखी एक खूण दिसली : पोस्ट तेवढ्याच होत्या, पण नवी कार्डे कमी झाली. एका माणसाच्या ओळखीचे वर्तुळ तीन महिन्यांत बहुतेक सांगून झालेले असते, म्हणून सर्वांना निदान तीन महिने विश्रांती द्यावी आणि पुढची खेप वहीतल्या उरलेल्या नावांतून भरावी.

निरोप देताना प्रत्येकाला अर्धा किलोचा डबा आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. ज्यांच्या शब्दावर कोणी आले नव्हते त्या चौघांनाही तोच डबा दिला. खुणेचे शब्द त्या दिवसापासून बंद झाल्याचे काउंटरवर कागद लावून सांगितले, मात्र ज्यांची कार्डे अर्धी भरली होती त्यांचे शिक्के पाचवा खण भरेपर्यंत चालू ठेवले.